सहलीचे फोटो : रॉ ठेवावेत की जेपेग?

पावसाळा आला की आपल्या वस्तीतून भाटघरच्या सहली निघतात. पुणे-सातारा रस्त्याने कापूरहोळला वळले की भोरच्या अलीकडे वेळवंडी नदीवरचे हे ब्रिटिश अमदानीतले दगडी धरण लागते. धरण भरले की दरवाजांतून पाणी दुधासारखे पांढरे होऊन कोसळते. प्रत्येकाला त्या पाण्यापुढे उभे राहून फोटो हवा असतो. ह्याच फोटोने मला दोनदा फसवले. त्याचा हिशेब आज मांडतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये विहारातल्या महिला मंडळाबरोबर मी गेलो होतो. पुतण्याचा चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा गळ्यात होता. माझ्या थोरल्या मावशी पांढरी साडी नेसून पाण्यापुढे उभ्या राहिल्या. फोटो काढल्यावर त्यांनी विचारले, "आला का रे माझा चेहरा?" मी पडद्यावर धड न बघताच "आला, आला" म्हणालो. पुढच्या वर्षी मावशी गेल्या. भिंतीवर लावायला फोटो शोधला तेव्हा पाणी आले होते, साडी आली होती, पण चेहरा काळवंडलेला होता. स्टुडिओत नेऊन उजळ करायला सांगितला, तर डोळ्यांखाली आणि गालावर चट्टे उमटले. स्टुडिओवाले म्हणाले, "साहेब, ह्यात मालच नाही. रॉ असता तर काही करता आले असते."

तेव्हा मला रॉ आणि जेपेग यांतला फरक कळला. जुन्या कॅमेऱ्यात निगेटिव्ह असायची आणि तिच्यावरून प्रिंट निघायची, हे आपल्याला ठाऊक आहे. रॉ म्हणजे निगेटिव्ह आणि जेपेग म्हणजे प्रिंट, असे समजा. बटण दाबले की कॅमेरा अंधारापासून उजेडापर्यंतच्या हजारो पायऱ्या टिपतो. चांगल्या कॅमेऱ्यात त्या सोळा हजारांच्या वर असतात. रॉ फाइलमध्ये त्या जशाच्या तशा राहतात. जेपेग करताना कॅमेरा स्वतःच रंग आणि उजेड ठरवतो, प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या ठेवतो आणि बाकीचे टाकून देतो. त्यातही काळोख्या भागाच्या वाट्याला थोड्याच पायऱ्या येतात. मावशींचा चेहरा नेमका तिथे होता. त्या थोड्या पायऱ्या ताणल्या की मधे खाचा पडतात. तेच ते चट्टे.

मुळात चेहरा काळा का आला, हेही सांगितले पाहिजे. समोर पांढरे शुभ्र पाणी आणि पांढरी साडी दिसली की कॅमेऱ्याला वाटते, उजेड फार झाला. म्हणून तो सगळाच फोटो दाबतो. आपल्या सावळ्या चेहऱ्यांचे त्यात सर्वांत जास्त नुकसान होते.

मग मी दुसरे टोक गाठले. २०२४ च्या सहलीला कॅमेरा `RAW+JPEG` वर ठेवला. त्यात प्रत्येक फोटोच्या दोन्ही फाइली निघतात. भजी खातानाचे, बसमध्ये पेंगतानाचे, सगळे फोटो तसेच काढले. त्या कॅमेऱ्यात रॉची एक फाइल साधारण २५ एमबीची आणि जेपेगची ८ एमबीची होते. म्हणजे एका फोटोला ३३ एमबी लागले. १६ जीबीचे कार्ड साडेचारशे फोटोंच्या आसपास भरले. नुसते जेपेग असते तर त्याच कार्डात एकोणीसशेच्या वर बसले असते. गूगलवर फुकट मिळणारी जागा सगळी मिळून १५ जीबी, त्यातच आपली ईमेलही असते. तिथे ही एक सहलसुद्धा धड मावली नसती.

जागेपेक्षा वेळ जास्त गेला. रॉ फाइल उघडली की ती फिकी, मळकट दिसते, कारण तिच्यावर अजून काहीच काम झालेले नसते. `darktable` किंवा `RawTherapee` हे फुकटचे प्रोग्राम संगणकावर टाकून मी एकेक फोटो करायला बसलो. एका फोटोला पाच मिनिटे धरली तरी साडेचारशेंना साडेसदतीस तास होतात. कचेरीतून सातला घरी येणाऱ्याने रोज तासभर दिला तरी सव्वा महिना जातो. मंडळातल्या बाया रोज विचारायच्या, "भाऊ, फोटो कुठवर आले?" शेवटी मी कॅमेऱ्याने काढलेले जेपेगच सगळ्यांना पाठवले आणि ते सगळ्यांना आवडले. उजेड सारखा होता तिथे माझ्या मेहनतीचा फोटो आणि कॅमेऱ्याचा जेपेग यांत घरच्यांना फरकही ओळखता आला नाही.

आता मी असे करतो. सहलीभर कॅमेरा जेपेगवर, मोठ्या आकाराच्या आणि `Fine` दर्जाच्या खुणेवर ठेवतो. पाण्यापुढचा किंवा खिडकीपाशी बसलेल्या आजीचा, म्हणजे उजेड अवघड आहे आणि पुन्हा मिळणार नाही असा फोटो असेल तेवढ्यापुरते `RAW+JPEG` लावतो. हिशेब बघा. तीनशे जेपेगचे २४०० एमबी आणि त्यातल्या पंधरा फोटोंच्या रॉचे ३७५ एमबी, मिळून पावणेतीन जीबीच्या आसपास. काम पंधरा फोटोंचे, म्हणजे सव्वा तासाचे.

पण रॉ लावला म्हणून निर्धास्त होऊ नये. सावलीतला चेहरा रॉमधून वर काढता येतो, मात्र पूर्ण पांढरे पडलेले पाणी रॉमधूनही परत येत नाही. म्हणून रॉ काढताना पाणी जपावे. पुष्कळ कॅमेऱ्यांत उडालेला भाग पडद्यावर लुकलुकतो. तो लुकलुकेनासा होईपर्यंत उजेड कमी करावा आणि चेहरा मागाहून उजळावा. नुसता जेपेग असेल तर उलट करावे. `+/-` चे बटण `+0.7` किंवा `+1` वर नेऊन चेहरा जागच्या जागी नीट आणावा, पाणी थोडे उडाले तरी चालेल. त्याहून सोपे म्हणजे माणसाला दोन पावले बाजूला घेऊन मागे पाण्याऐवजी हिरवा डोंगर येऊ द्यावा.

मोबाइलवाल्यांनी रॉच्या मागे सहसा लागू नये. आजचे बरेच फोन एका दाबात अनेक फोटो घेऊन, ते जोडून जेपेग बनवतात. त्याच फोनचा साधा रॉ पुष्कळदा एकाच टिपणीचा असतो आणि जास्त दाणेदार दिसतो. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड वाढवला की बहुधा काम होते.

जेपेग जपायचेही एक पथ्य आहे. तोच फोटो दुरुस्त करून पुन्हा पुन्हा साठवला की दर वेळी थोडा झिजतो. म्हणून मूळ फाइल बाजूला ठेवून नकलेवर काम करावे. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. भिंतीवर लावायचा असेल तर तो `Document` म्हणून पाठवावा. पंधरा फोटो मनासारखे झाले की त्यांतले चार-पाच रॉ ठेवून बाकीचे खोडले तरी चालतात. ठेवाल ते मात्र दोन जागी ठेवा.

आणि फोटो काढल्यावर माणूस हलण्यापूर्वी पडद्यावर चेहरा मोठा करून बघा. कोणी "आला का रे?" विचारले तर बघूनच उत्तर द्या. मावशींना मी न बघता दिले होते.