सहा हजारांचा फरक

(रविवारी माझ्याकडे लेखाकर्म शिकायला येणाऱ्या बारावीच्या एका विद्यार्थ्याला सहामाहीनंतर लिहिलेले हे पत्र त्याच्या व त्याच्या वडिलांच्या संमतीने या महिन्याच्या सदरात देत आहे. नाव गाळले आहे.)

चिरंजीवास अनेक आशीर्वाद व जय जिनेंद्र.

चाळीसपैकी सतरा गुणांची उत्तरपत्रिका तू घडी घालून खिशात ठेवलीस आणि काही न बोलता गेलास. रात्री तुझ्या वडिलांचा फोन आला. ‘काका, याला हिशेब जमत नसेल तर सी.ए.चा नाद सोडून दुकानात बसवू का?’ असे त्यांनी विचारले. दोन दिवसांनी उत्तर देतो, असे मी सांगितले. त्या दोन दिवसांत तुझी उत्तरपत्रिका मी गुणदान तक्ता शेजारी ठेवून पुन्हा तपासली. सतरा हा आकडा केवळ बेरीज आहे. तेवीस गुण कोठे गेले, हे तो सांगत नाही, तक्ता सांगतो.

प्रथम चारही प्रश्न पाहू. वस्तुनिष्ठ प्रश्नात आठपैकी पाच, भागीदाराच्या प्रवेशाच्या उदाहरणात दहापैकी पाच, अंतिम लेख्यांत बारापैकी सात आणि विसर्जनाच्या उदाहरणात दहापैकी शून्य. हे शून्य चुकीच्या उत्तराचे नाही. ते पान कोरे आहे. वेळ का पुरला नाही, याचे उत्तर मला प्रवेशाच्या उदाहरणात सापडले. म्हणून तेच सविस्तर पाहू.

उदाहरण आठव. अ आणि ब यांचे नफ्याचे प्रमाण ३:२. १ एप्रिलला क भागीदार झाला आणि नवे प्रमाण ५:३:२ ठरले. क ने भांडवलापोटी ८०,००० व ख्यातीच्या आपल्या वाट्यापोटी ४०,००० रुपये रोख आणले. समायोजने चारच होती. ८०,००० च्या ऋणकोंवर १०% संशयित व बुडीत कर्ज निधी ठेवायचा. एक लाखाच्या यंत्रसामग्रीवर ५% घसारा. ६०,००० च्या इमारतीचे मूल्य २०% वाढवायचे. आणि पुस्तकात न नोंदलेले २,००० रुपयांचे अदत्त वीजबिल विचारात घ्यायचे.

तुला मिळालेले गुण असे :

नफा-तोटा समायोजन खाते – ३ पैकी २
भागीदारांची भांडवल खाती – ३ पैकी २
नवा ताळेबंद – २ पैकी १
कार्यटिपा – २ पैकी ०

समायोजन खात्यातला एक गुण निधीचा गेला. ऋणकोंच्या १०% म्हणजे ८,००० रुपये, हे तू बरोबर काढलेस आणि ते सारे तोट्यात टाकलेस. परंतु जुन्या ताळेबंदात ४,००० रुपयांचा निधी आधीच होता. निधी आठ हजारांपर्यंत न्यायचा होता, आठ हजारांनी वाढवायचा नव्हता. तोटा केवळ ४,००० चा. या एका चुकीने १,००० रुपयांचा नफा तुझ्या खात्यात ३,००० रुपयांचा तोटा झाला. त्या तोट्याची वाटणी मात्र तू ३:२ या जुन्या प्रमाणातच केलीस, म्हणून वाटणीचा अर्धा गुण तुला दिला आहे. एक चूक एकदाच कापायची, पुढे ती वाहत गेली तर पुन्हा कापायची नाही, हा माझा नियम तुला ठाऊक आहे.

भांडवल खात्यांतला एक गुण ख्यातीचा. ४०,००० रुपये तू ३:२ प्रमाणे २४,००० आणि १६,००० असे वाटलेस. येथे जरा थांब आणि ही रक्कम कशाची आहे, ते स्वतःला विचार. सामान्य निधी हा मागील वर्षांच्या नफ्यातून साठलेला. तो जुन्या प्रमाणात जातो आणि तू तो तसाच बरोबर वाटलास. ख्यातीची रक्कम मात्र जुन्या भागीदारांनी आपल्या भविष्यातील नफ्याचा जो हिस्सा सोडला, त्याची भरपाई आहे. म्हणून ज्याने जेवढे सोडले, त्याला तेवढे. अ कडे दहापैकी सहा भाग होते, पाच राहिले. ब कडे चार होते, तीन राहिले. दोघांनी एकेकच भाग सोडला. त्याग प्रमाण १:१, म्हणून प्रत्येकी २०,००० रुपये. ब चे चार हजार तू अ ला दिलेस. उद्या अशा वाटणीवर दोन भावांच्या पेढीत सही झाली, तर बेरजेची चूक नसूनही धाकट्याचे नुकसान होईल. त्याग प्रमाणाची कार्यटीप लिहिली असतीस तर ही चूक तुझ्या तुलाच दिसली असती. ती टीप नाही, म्हणून तिचाही एक गुण गेला.

आता ताळेबंद. वीजबिलाचे २,००० रुपये तू समायोजन खात्यात नावे टाकलेस, परंतु देयता बाजूला ‘अदत्त वीजबिल’ लिहिलेच नाहीस. अर्धी नोंद. तेथे अर्धा गुण गेला. आणि उरलेला अर्धा गुण रोख रकमेत गेला. त्याविषयी मला सर्वांत अधिक बोलायचे आहे.

जुनी शिल्लक ४०,००० आणि क ने आणलेले १,२०,००० मिळून १,६०,००० रुपये होतात. हे तुला येत नाही, असे मी मानणार नाही. तुझ्या ताळेबंदात मात्र १,५४,००० आहेत, तेही खाडाखोड करून. कच्च्या पानावर पाहिले तेव्हा उलगडा झाला. तुझी देयता बाजू ४,५७,००० आणि मालमत्ता बाजू ४,६३,००० येत होती. सहा हजारांचा फरक. त्या पानावर तू ६,००० लिहून त्याची निम्मी रक्कम ३,००० काढली आहेस, तिच्याभोवती वर्तुळ केले आहेस आणि समायोजन खात्याच्या तोट्यापर्यंत बाण नेला आहेस.

ही युक्ती मीच शिकवली होती. रक्कम चुकीच्या बाजूला लिहिली गेली तर फरक तिच्या दुप्पट येतो, म्हणून निम्मी रक्कम शोधावी. योगायोगाने तुझा तोटा नेमका ३,००० होता. तू तो तीन वेळा तपासलास आणि तिन्ही वेळा तो योग्य बाजूलाच होता. पंचवीस मिनिटे गेली, असे तूच सांगितलेस. नव्वद मिनिटांच्या परीक्षेत ती पंचवीस मिनिटे म्हणजेच विसर्जनाचे कोरे पान होय.

दोष माझाही आहे. ती युक्ती शिकवताना तिची मर्यादा मी सांगितली नाही. चूक एकच असेल तेव्हाच ती उपयोगी पडते. फरकाला ९ ने भाग गेला तर अंकांची अदलाबदल शोधावी, हा दुसरा नियमही तसाच. तुझ्या सहा हजारांत दोन चुका मिसळल्या होत्या : निधीच्या जास्तीच्या ४,००० नी भांडवले कमी झाली आणि वीजबिलाचे २,००० देयता बाजूला आलेच नाहीत. अशा वेळी युक्ती सोडून प्रश्नाकडे परतावे. चारही समायोजने घेऊन प्रत्येकाचे दोन परिणाम कोठे लिहिले, ते बोटाने दाखवावे. दोन-तीन मिनिटांत वीजबिलाचा दुसरा परिणाम सापडला नसता, आणि निधीचे ८,००० व ताळेबंदात प्रत्यक्ष घटलेले ४,००० यांचा मेळ बसला नसता.

आणखी एक गोष्ट लक्षात घे. ख्यातीची चूक या फरकात कोठेच नाही. अ ला चार हजार जास्त आणि ब ला चार हजार कमी, बेरीज तीच. म्हणजे तू सहा हजार शोधून काढले असतेस, ताळेबंद जुळला असता, तरीही तो चुकीचाच राहिला असता. जुळणे ही अचूकतेची पहिली पायरी आहे, पुरावा नव्हे.

ते न करता तू रोख रक्कम सहा हजारांनी कमी केलीस. मी अनेक वर्षे कर्जाच्या अर्जांसोबत आलेले ताळेबंद वाचले. मालसाठ्याच्या आकड्यावर वाद होऊ शकतो. बँकेतील शिल्लक मात्र खातेउताऱ्यावर छापलेली असते. न जुळणारा फरक तेथे लपवणारा पहिल्याच तपासणीत सापडतो आणि मग त्याचे बाकीचे खरे आकडेही कोणी खरे मानत नाही. परीक्षेत याची किंमत अर्धा गुण होती. तो फरक तसाच उघडा ठेवला असतास तर रोख रकमेचा अर्धा गुण तुला मिळालाच असता आणि पंचवीसपैकी वीस मिनिटे वाचली असती.

अंतिम लेख्यांतही हेच दिसते. तेथे सहा समायोजने होती. प्रत्येकास एक गुण, दोन परिणामांचा अर्धा-अर्धा. सहापैकी पाचांचा तू एकच परिणाम लिहिलास आणि अडीच गुण गमावलेस. तुझ्या दुकानातील रोजमेळ एकदा उघडून पाहा. उधारीचे पैसे आले की ते रोजमेळात जमा होतात आणि खतावणीत त्या गिऱ्हाइकाच्या खात्यावरही चढतात. दुसरी नोंद राहिली तर पैसे देऊन गेलेल्या माणसाकडे तुझे वडील पुन्हा मागणी करतील. ते असे कधी करत नाहीत.

आता काम. पुढील चार रविवारी सोडवण्याआधी प्रत्येक समायोजनाच्या शेजारी पेन्सिलीने १ आणि २ लिही. नोंद झाली की त्या अंकावर खूण कर. त्याग प्रमाण आणि रोख खाते या दोन कार्यटिपा उदाहरणाच्या आरंभीच लिही, शेवटी नाही. ताळेबंद जुळला नाही तर घड्याळ पाहून पाच मिनिटे शोध, नंतर फरक तसाच ठेवून पुढच्या प्रश्नाला लाग. आणि विसर्जनाचे तेच उदाहरण येत्या रविवारी माझ्यासमोर बसून सोडव. त्या दहा गुणांविषयी माझा तक्ता गप्प आहे. ते तुला आले असते की नाही, हे कोऱ्या पानावरून मी सांगू शकत नाही.

तुझ्या वडिलांना मी एवढेच कळवले आहे : गेलेल्या तेवीस गुणांपैकी दहा वेळेचे आहेत, पाच प्रवेशाच्या उदाहरणातले आहेत आणि अडीच अर्ध्या नोंदींचे. उरलेले किरकोळ आहेत. यावरून मुलाला हिशेब जमत नाही, असे ठरत नाही आणि जमतो असेही ठरत नाही. चार रविवारांनंतर याच तक्त्यावर दुसरी उत्तरपत्रिका तपासून निर्णय करू. तोवर अर्ज मागे घेऊ नये.

येताना ही उत्तरपत्रिका आण. १,५४,००० वरची खाडाखोड तशीच राहू दे. तिच्या शेजारी खरा आकडा तुझ्या हाताने लिहायचा आहे.

तुझा,
काका