चिंच सर्वांत शेवटी

हैदराबादच्या काचीगुडा, सुलतान बाजार भागातल्या मराठी घरांत पालकूर पप्पू आता आपल्या डाळ-पालकाइतकाच मुरला आहे. तूरडाळ, पालक, टोमॅटो, हिरव्या मिरच्या आणि चिंच असं सगळं एकत्र कुकरमध्ये घालायचं, तीन-चार शिट्ट्या काढायच्या आणि वरून लसणीची फोडणी द्यायची. चव छान लागते, पण पालक शेवाळी-तपकिरी होतो. दोष पालकाचा नाही, चिंचेच्या वेळेचा आहे. पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा आणि त्या द्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की ते मॅग्नेशियम सुटतं आणि रंग मळतो. पानातही थोडं आम्ल असतंच. उघड्या भांड्यात त्यातलं काही वाफेबरोबर निघून जातं, बंद कुकरमध्ये मात्र ते आतच कोंडतं, त्यात चिंच-टोमॅटोची भर पडते. शिवाय आंबटात डाळही लवकर शिजत नाही, म्हणजे शिट्ट्या वाढतात आणि पालक आणखी शिजतो.

म्हणून डाळ हळद घालून एकटीच शिजवावी. चिंचेचा कोळ वेगळ्या पातेलीत पाच मिनिटं उकळावा. चिंच शेवटी घातली तर कच्ची लागते, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर ही उकळी आहे. कढईत फोडणी करून चिरलेला पालक मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, तीन-चार मिनिटं परतावा. पानं आधी एकदम गर्द, उजळ हिरवी होतात. ती मलूल होऊन बसली की लगेच गरम डाळ ओतावी, एक उकळी आणावी, गॅस बंद करावा आणि मग कोळ घालावा. हा हिरवेपणा कायमचा नाही. गरम आंबट डाळ तासभर झाकून ठेवली तर रंग उतरणारच, तेव्हा कोळ ताटं वाढायच्या वेळीच घालावा. चिमूटभर सोड्याने रंग टिकतो हे खरं, पण पानं बुळबुळीत होतात आणि क जीवनसत्त्वही जातं. तो सौदा मला मान्य नाही.

मेंथीकूर पप्पूला हीच रीत चालते, फक्त तिथे कडूपणाचा प्रश्न वाढतो. मीठ चोळून मेथी पिळली की हिरवं, कडू पाणी निघतं, पण त्याबरोबर मेथीचा वास आणि सत्त्वही मोरीत जातं. त्यापेक्षा जाड देठ काढून टाकावेत, पानं जरा जास्त तेलात परतावीत आणि मीठ तिथेच घालावं. मीठ जिभेवर कडू चव दाबतं. डाळ ती पातळ करते, आणि शेवटी पडलेल्या चिंचेबरोबर सुपारीएवढा गूळ विरघळला की उरलेली कडू चव बोचत नाही. लहान मुलांच्या ताटासाठी मेथी थोडी पिळली तर माझी हरकत नाही. मोठ्यांसाठी मात्र ती कडूच राहू द्यावी, अगदी थोडी.