हाक ऐकू येत नाही तेव्हा

बाह्यरुग्ण विभागात नाव पुकारले जाते, कर्णबधिर रुग्ण जागेवरच बसून राहतो आणि त्याचा नंबर निघून जातो. चूक पुकारण्याच्या पद्धतीची, पण बोलणी खातो रुग्ण. मग कुणीतरी मागून येऊन दंड धरून हलवते आणि तो दचकतो.

कर्णबधिरांमध्ये हाक मारण्याची रीत ठरलेली आहे. माणूस हाताच्या अंतरावर असेल तर खांद्यावर किंवा दंडावर हलकेच दोनदा बोटे टेकवायची, डोक्यावर नाही. लांब असेल तर त्याच्या नजरेच्या कडेला हात हलवायचा. तिथे बारकावे दिसत नाहीत, पण हालचाल चटकन जाणवते. अगदी तोंडासमोर हात नाचवणे मात्र उद्धटपणाच. टेबलावरची थाप कंपनातून कळते. लाकडी जमिनीवर पाय आपटलेलाही कळतो. आपल्याकडच्या फरशीवर तो उपाय फारसा चालत नाही. खोलीतला दिवा एकदा-दोनदा चालू-बंद केला तर हाक समजते, सारखा लुकलुकवला तर काहीतरी विपरीत घडल्याची शंका येते.

नजरानजर झाली की मग नमस्कार, हात जोडून किंवा हलवून. त्याआधी केलेला नमस्कार पोहोचतच नाही. रुग्ण खुणांनी सांगत असताना कागदांत डोके घालणारा डॉक्टर म्हणूनच त्याचे वाक्य अर्ध्यावर तोडत असतो.

रुग्णालयांनी केसपेपरवर ‘ऐकू येत नाही, जवळ जाऊन बोलवा’ एवढा शिक्का मारला तरी नंबर चुकणार नाही. आकडे दाखवणारा फलक असेल तर उत्तमच; फक्त तो चालू ठेवावा लागतो.