'घरगुती' हा घटकपदार्थ नाही

दिवाळीच्या आधीचे दोन शनिवार-रविवार आपल्या भागात फराळाची प्रदर्शनं लागतात. शाळेचं पटांगण, सोसायटीचा हॉल, देवळाचा मंडप, जागा मिळेल तिथे टेबलं मांडली जातात. बचत गटाच्या ताई असतात, निवृत्तीनंतर हौसेने सुरू केलेल्या काकू असतात, हल्ली इन्स्टावरून ऑर्डर घेणाऱ्या मुलीही असतात. मी दरवर्षी जातो, पिशवीभर घेतो आणि आवडीने खातो. त्यामुळे पुढचं लिहितोय ते या स्टॉलवाल्यांच्या विरोधात आहे असं कृपया कोणी समजू नका.

गेल्या वर्षी तिथल्या डब्यांवर काय लिहिलं होतं ते मी बघत फिरलो. 'शुद्ध घरगुती.' 'साजूक तुपातले.' 'आईच्या हातची चव.' एका डब्यावर कमळाच्या चित्रासह शुभ दीपावली. लाडवात काय आहे, तो कधी केला आणि कधीपर्यंत खायचा, हे लिहिलेले डबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. एका टेबलावर काजूकतलीचा भाव इतका कमी होता की मी विचारलं, एवढी कशी परवडते? समोरच्या ताईंनी अगदी सरळपणे सांगितलं, "थोडे दाणे आहेत ना त्यात." लपवायचा काही हेतू नव्हता, विचारलं तेव्हा सांगितलं. पण डब्यावर 'काजूकतली' एवढंच होतं, आणि विचारणारा मी एकटाच होतो.

आता कल्पना करा, तो डबा ज्या घरी गेला तिथे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल आहे. असं मूल दाणे दिसले की हात लावत नाही, त्याला तसं शिकवलेलं असतं. पण काजूकतलीत दाणे असतील हे त्याला कसं कळणार? वासाने कळत नाही, रंगाने तर नाहीच. खाल्ल्यावर काही मिनिटांत, कधी तासा-दोन तासांत, ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात, आणि वाईट वेळ आली तर श्वास अडकतो. त्या वेळी घरातली ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसणं धोक्याचं असतं. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि त्यासाठी दवाखाना गाठावा लागतो. दिवाळीच्या रात्री, फटाक्यांच्या गर्दीतून.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "पण आमच्या लाडवात दाणे नाहीतच!" इथेच खरी मेख आहे. आपल्या मराठी स्वयंपाकघरात दाण्याचं कूट नाही असं भांडं सापडणं कठीण. सकाळी त्याच मिक्सरच्या भांड्यात कूट केलं, भांडं कोरड्या फडक्याने पुसलं आणि दुपारी त्यातच लाडवाची साखर आणि वेलची दळली. झाकणाच्या रबरी कडेत आणि पात्याखालच्या खाचेत कूट चिकटून राहतंच. ज्याला ॲलर्जी नाही त्याच्या दृष्टीने हे शून्य आहे. ज्याला तीव्र ॲलर्जी आहे त्याला तेवढंही पुरू शकतं. शंकरपाळ्यांचंही तसंच. कणीक-मैद्यात दाण्याचा कण नाही, पण तळलेत घाण्याच्या शेंगदाणा तेलात, आणि घाण्याच्या तेलात दाण्याची प्रथिनं उरतात.

तीच गत गव्हाची. बेसन हरभराडाळीचं, म्हणजे त्यात ग्लुटेन नाही, हे पुस्तकात बरोबर आहे. पण डाळ दळून आणली गिरणीतून, आणि तुमच्या आधी तिथे कोणाचे तरी पाच किलो गहू दळले गेले. जात्यात अडकलेलं ते पीठ तुमच्या बेसनाबरोबर डब्यात येतं. ज्यांना सीलिॲक आहे, म्हणजे गव्हाने ज्यांच्या आतड्याला इजा होते, ते लोक बेसनाचा लाडू विश्वासाने खातात. त्यांना हे आधी कळायला नको का?

आपल्या देशातल्या लेबलच्या नियमांत (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० सालचे) ॲलर्जीच्या ज्या गोष्टी वेगळ्या जाहीर करायच्या त्यांची यादी आहे. त्यातल्या आपल्या फराळाशी संबंध येणाऱ्या म्हणजे गव्हासारखी ग्लुटेनची धान्यं, दूध, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा आणि सोयाबीन. तीळ त्या यादीत नाही. पण आपल्याकडे तीळ किती वापरतात ते बघता तो मी आवर्जून लिहायला सांगेन. कायद्यात नाही म्हणून कुणाचा घसा सुजायचा थांबत नाही.

मग लेबलवर लिहायचं काय? बेसनाच्या लाडवाचं उदाहरण घेऊ. समजा एका वेळचं प्रमाण असं आहे: बेसन १ किलो, पिठीसाखर ८०० ग्रॅम, साजूक तूप ५०० ग्रॅम, काजू ७५ ग्रॅम, भाजताना शिंपडायला ४ चमचे दूध, वेलची १० ग्रॅम. तर डब्यावर एवढं यावं:

बेसन लाडू
घटक: बेसन, पिठीसाखर, साजूक तूप, काजू, दूध, वेलची
ॲलर्जी सूचना: यात दूध आणि काजू आहेत. याच स्वयंपाकघरात शेंगदाणे, तीळ आणि गहू वापरले जातात. बेसन सार्वजनिक गिरणीत दळलेले आहे.
बनवल्याची तारीख: २ नोव्हेंबर
या तारखेपर्यंत खावे: २३ नोव्हेंबर. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.
वजन, किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, फोन, अन्न नोंदणीचा १४ आकडी क्रमांक, शाकाहारी चिन्ह.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, जे सर्वांत जास्त ते आधी. प्रमाण लिहावं लागत नाही! "आमची रेसिपी चोरीला जाईल" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो. बेसनाच्या लाडवात बेसन, साखर आणि तूप असतं हे गुपित नाही. गुपित आहे ते किती वेळ आणि किती आचेवर भाजलं यात, आणि ते लेबलवर मागतंय कोण?

मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. सोबत इंग्रजी किंवा हिंदीही हवं, कारण नियम त्या दोन भाषांपैकी एक मागतो.

काहीजण मला म्हणाले, सोपं करू, सगळ्या डब्यांवर 'यात सर्व ॲलर्जीकारक पदार्थ असू शकतात' असा एकच स्टिकर लावू. हा स्वतःची सुटका करून घेण्याचा प्रकार झाला. सगळ्यावर सगळंच लिहिलं की वाचणारा वाचायचंच सोडतो. ज्यांच्या घरी दाणे येतच नाहीत त्या स्टॉलचा आणि दाण्याची चिक्की करणाऱ्या स्टॉलचा स्टिकर सारखा असेल तर त्या आईने निवड कशी करायची? आपल्या ओट्यावर खरोखर काय काय येतं तेवढंच लिहावं. मिक्सरचं भांडं गोडासाठी वेगळं ठेवलं असेल तर तेही अभिमानाने लिहा, गिऱ्हाईक शोधत येईल.

आता टिकण्याचं. लोक अंदाजाने 'एक महिना' लिहून मोकळे होतात, चिवड्यालाही महिना आणि नारळाच्या वडीलाही महिना. पदार्थ टिकतो की नाही ते मुख्यतः त्यात मोकळं पाणी किती उरलंय यावर ठरतं. बेसन तुपात तास-तासभर भाजलं जातं, शिंपडलेलं दूध कढईतच चर्र करून उडून जातं, पाणी जवळजवळ राहत नाही. म्हणून हा लाडू टिकतो. प्राधिकरणाने मिठाईबद्दल दिलेल्या अंदाजी मुदतीतही बेसन लाडू ३० दिवसांच्या गटात आहे. घरच्या डब्यांचा आणि आपल्या दमट हवेचा विचार करून मी वर २१ धरले. पण तेच दूध लाडू दाणेदार व्हावेत म्हणून गॅस बंद केल्यावर घातलं, तर ते आतच राहतं आणि हा हिशोब कोलमडतो.

रवा-नारळाचा लाडू दिसायला बेसनाच्या लाडवाचा भाऊ, पण त्यात ओला नारळ आणि पाक आहे. बाहेर ठेवून तीन-चार दिवसांच्या वर तारीख टाकू नये. म्हणजे शनिवारच्या प्रदर्शनासाठी तो मंगळवारी करून चालणारच नाही, शुक्रवारी रात्री करायला हवा. बिघडलेला नारळ आंबूस वास देतो, लाडू फोडला तर बुळबुळीत तार सुटते. बेसनाचा बिघाड वेगळा. तो दिसत नाही, तूप खवट होतं आणि घास गिळल्यावर घशाशी खवखवतं. आणि दोन्हींचा एक समान शत्रू म्हणजे कोमट असतानाच डब्यात भरणं. झाकणाला आतून घाम धरतो, ते थेंब लाडवावर पडतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरी बुरशी.

तारीख खरी आहे का हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक वेळच्या लाडवांतले दोन, विकता त्याच डब्यात, घरी बाजूला ठेवा. मुदतीच्या दिवशी उघडा, वास घ्या, खाऊन बघा. आणि तारीख लाडू वळल्याची टाका, डबा भरल्याची नको. आठ दिवस परातीत पडलेला लाडू डब्यात गेल्यावर ताजा होत नाही.

नोंदणीबद्दल थोडक्यात. तात्पुरता स्टॉल लावणाऱ्या छोट्या उत्पादकालाही अन्न नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. ज्यांनी अजून केली नसेल त्यांच्यासाठी आयोजकांनी एक संध्याकाळ लॅपटॉप घेऊन बसावं, इतकं तरी स्टॉलभाड्यात बसायला हरकत नाही.

माझी मागणी आयोजकांकडेच आहे, एकट्या काकूंना धरून काही होणार नाही. स्टॉलच्या फॉर्मसोबत लेबलचा नमुना द्या, प्रत्येक पदार्थाचं भरलेलं लेबल आधी मागवा, लेबल नाही तर त्या पदार्थाला टेबल नाही. स्टिकर छापायला फार खर्च येत नाही. तोही जड वाटला तर हाताने लिहिलेली चिठ्ठी चालेल, अक्षर वाचता आलं म्हणजे झालं.

आणि एक जागा अशी आहे जिथे डब्यावरचं लेबल पोचतच नाही. ती म्हणजे 'चव बघा' म्हणून पुढे केलेली थाळी. तिथे लाडवाचे, चिक्कीचे, वड्यांचे तुकडे शेजारी-शेजारी असतात, एकच चमचा सगळीकडे फिरतो, आणि सर्वांत आधी हात घालतात ती टेबलाच्या उंचीची पोरं. दाण्याच्या पदार्थाची थाळी वेगळी ठेवा, तिला वेगळा चमचा द्या आणि समोर ठळक पाटी लावा: 'यात शेंगदाणे आहेत'. पाटी वाचता न येणाऱ्या वयाचं मूल असेल तर तुकडा द्यायच्या आधी मागे उभ्या असलेल्या आईला विचारा.

यंदाच्या आयोजकांपैकी जे ही पोस्ट वाचत असतील त्यांनी कळवा. नमुना लेबल मराठी-इंग्रजीत तयार करून द्यायला मी रविवारी सकाळी मोकळा आहे.