सरासरीचा उशीर आणि सपाट बाजार

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने एका चार्टचा स्क्रीनशॉट पाठवला. हिरवी रेषा खालून वर येऊन लाल रेषेला छेदून गेली होती आणि त्या जागी त्याने बाण काढला होता. खाली लिहिलं होतं, "दादा, क्रॉसओव्हर झालाय. बोनसचे साठ हजार टाकू का?" गंमत अशी की याच शेअरमध्ये, याच पद्धतीने त्याने आधी चार व्यवहार केले होते आणि चारही तोट्यात गेले होते. "नियम तर प्रत्येक वेळी पाळला. मग चुकतंय कुठे?" हा त्याचा खरा प्रश्न होता.

त्याला फोनवर जे सांगितलं, तेच आज इथे लिहितो. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर आणखी बरं.

मूव्हिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे गेल्या काही दिवसांच्या बंद भावांची सरासरी. रोज नवा भाव आत येतो, सर्वांत जुना बाहेर पडतो, म्हणून ती 'चालती' सरासरी. कमी दिवसांची सरासरी भावाच्या जवळून चालते, जास्त दिवसांची मागून रेंगाळत येते. जवळची रेषा मागच्या रेषेच्या वर गेली की भाव चढणीला लागला असं मानून घ्यायचं, खाली आली की विकायचं. नियम एवढाच.

आता एक कल्पित शेअर घ्या. तो रोज २ रुपये उतरत १०० वर आला, तिथून वळला आणि रोज २ रुपये चढू लागला. आपण ३ दिवसांची आणि ६ दिवसांची सरासरी काढतोय. वळल्यानंतर दुसऱ्या दिवशी भाव १०४ असतो. ३ दिवसांची सरासरी १०२ येते, ६ दिवसांची १०३. अजून इशारा नाही. तिसऱ्या दिवशी भाव १०६, आणि सरासऱ्या १०४ व १०३. छेद झाला, आपण १०६ ला घेतलं. म्हणजे तळापासून ६ रुपये उशिरा. यात चूक कोणाचीच नाही. सरासरीत जुने भाव असतात, ते बाहेर पडायला वेळ लागतोच.

शेअर असाच १४० पर्यंत चढला आणि तिथून रोज २ रुपये उतरू लागला, तर विकायचा इशाराही तिसऱ्याच दिवशी मिळतो, १३४ ला. घेतलं १०६, विकलं १३४, नफा २८. पूर्ण चढण ४० रुपयांची होती. त्यातले ६ जाताना गेले, ६ येताना. या नियमाचं भाडं १२ रुपये आहे असं समजा.

आता तोच शेअर १०० ते ११० या पट्ट्यात अडकला. पाच दिवस चढतो, पाच दिवस उतरतो. इशारे तितक्याच उशिरा येणार. १०६ ला घ्यायचं, तोपर्यंत ११० जवळ आलेला. विकायचा इशारा १०४ ला. दर फेरीला २ रुपये तोटा. चढण १० ची, भाडं १२ चं, हिशोब सरळ आहे. शेअर जिथल्या तिथे आणि आपण मात्र दर दहा दिवसांनी २ रुपयांनी गरीब. वर खरेदी-विक्रीचा कर आणि दलाली वेगळी.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी हा नियम जुन्या भावांवर तपासणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. निकाल फारच छान येत होते. पुढे लक्षात आलं की माझा प्रोग्राम त्या दिवसाच्या बंद भावावरून सरासरी काढून त्याच बंद भावाला खरेदी करत होता. प्रत्यक्षात बंद भाव कळेपर्यंत बाजार मिटलेला असतो आणि व्यवहार दुसऱ्या दिवशी होतो. वरच्याच उदाहरणात एक दिवस पुढे सरका: खरेदी १०८ ला, विक्री १०२ ला. तोटा २ वरून ६ वर. भाडं १२ नव्हतंच, १६ होतं.

हे फक्त कागदावर घडत नाही. वाहिन्यांवर ५० आणि २०० दिवसांच्या सरासऱ्यांच्या छेदाला 'गोल्डन क्रॉस' आणि 'डेथ क्रॉस' म्हणतात. अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाचं उदाहरण बघा. ऑगस्ट २०१५ च्या अखेरीस डेथ क्रॉस झाला, निर्देशांक साधारण १९९० वर. डिसेंबरात गोल्डन क्रॉस, सुमारे २०२० वर. जानेवारी २०१६ मध्ये पुन्हा डेथ क्रॉस, सुमारे १९२० वर. एप्रिलमध्ये पुन्हा गोल्डन क्रॉस, सुमारे २०९० वर. प्रत्येक इशारा पाळणाऱ्याने १०० युनिट विकून सुरुवात केली असती, तर शेवटी त्याच पैशात त्याच्या हाती जेमतेम ९० युनिट आली असती. काहीच न करणाऱ्याकडे १०० तशीच राहिली असती.

मग सपाट बाजार ओळखायचा कसा? मी दोन गोष्टी बघतो. पहिली, लांबची सरासरी. ती आडवी पडली असेल आणि भाव तिच्या वर-खाली पुन्हा पुन्हा जात असेल, तर छेदाला फारसा अर्थ नाही. दुसरी, भाडं. त्या चार्टवरचे मागचे छेद घ्यायचे, प्रत्येक छेद तळापासून किंवा शिखरापासून किती रुपये उशिरा आला ते मोजायचं आणि चढ-उताराच्या उंचीशी ताडून बघायचं. उंची भाड्याच्या दुपटीइतकीही नसेल तर मी तो इशारा सोडून देतो.

यालाही मर्यादा आहे. सपाट पट्टा संपून मोठी चढण सुरू होते तेव्हा तिचा पहिला छेद दिसायला आधीच्या खोट्या छेदांसारखाच असतो, आणि सोडून दिलेल्या इशाऱ्यांत कधीतरी तोही जातो. "छेद झाल्यावर आणखी एक दिवस खात्री करून घेऊ" म्हटलं तर खोटे इशारे थोडे कमी होतात, पण भाडं १२ चं १६ होतं. कमी दिवसांच्या सरासऱ्या घेतल्या तर भाडं उतरतं, पण मग बारीकसारीक हेलकावेही इशारे देऊ लागतात. ही पद्धत चालवणारे बरेच छोटे तोटे सोसून एखाद्या मोठ्या चढणीची वाट बघतात. ते सोसण्याइतके पैसे आणि धीर नसेल, तर ती चढण येण्याआधीच माणूस कंटाळून बाहेर पडतो.

भावाला मी घ्यायचं की नाही हे सांगितलं नाही, मोजायला सांगितलं. रात्री त्याचा मेसेज आला. शेअर पाच महिने ४१० ते ४५० मध्ये फिरत होता. त्याच्या चारही खरेद्या ४४० च्या आसपास होत्या, विक्री ४२० च्या आसपास. "दादा, चाळीसची चढण आणि साठचं भाडं," त्याने लिहिलं होतं. बोनस अजून खात्यातच आहे.