बांधावरचा राम राम अन् हातातलं माप



आज खतपाण्याचं काही नाही. कामात असलेल्या माणसाला बांधावरून जाताना राम राम कसा घालावा, यावर लिहितोय. विषय किरकोळ वाटंल, पण मला तो चार गुंठे सोयाबीन आणि सहा महिन्यांच्या अबोल्याला पडलाय.

मागच्या खरिपातली गोष्ट. सोयाबीन अठरा दिवसांचं होतं, तण दोन-तीन पानांवर. इमॅझेथापायर १० टक्केवालं तणनाशक मारायला घेतलं. प्रमाण हेक्टरी १ लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली. माझा पंप २० लिटरचा, एकराला १० पंप लागतात. म्हणजे पंपाला ४० मिली, आणि एक पंप चार गुंठ्याला. आधी अर्धा पंप पाणी, मग माप ओतायचं, माप विसळून ते पाणीही पंपातच टाकायचं, मग पंप भरून घ्यायचा. एकदा औषध पाण्यात गेलं की ओतलंय का नाही, हे नुसतं बघून सांगता येत नाही. ते फक्त तुमच्या डोक्यात असतं.

सातवा पंप भरत होतो तेव्हा शेजारचे आबा बांधावर आले.

"काय रे, फवारणी का?"

"होय आबा."

इथवर सगळं ठीक होतं. पण आबा थांबले. पीकविम्याचं विचारलं, मग त्यांच्या नातवाच्या सोयरिकीचं काढलं. वडीलधारा माणूस उभा असताना मान खाली घालून काम करणं मला जमंना. तोंडाचा मास्क खाली ओढला आणि पाच-सात मिनिटं बोललो. आबा गेले. बघतो तर हातात रिकामं माप. ओतून रिकामं झालंय, का अजून भरलंच नाही? बाटलीवर खूण केलेली नव्हती. वाटलं, राहिलंच असणार. घातलं परत ४० मिली.

आठ दिवसांनी रानानंच उत्तर दिलं. बाकी पीक थोडं पिवळं पडून सावरायला लागलं होतं, पण मधला चार गुंठ्याचा पट्टा आखून दिल्यासारखा दिसत होता. शेंड्याची पानं पिवळी, पेरं आखूड, झाडं बुटकी. तो पट्टा महिनाभर मागंच राहिला. त्याची रास वेगळी केली नाही, त्यामुळं नुकसानीचा आकडा सांगत नाही. शेंगा कमी होत्या एवढं खरं. वर हे औषध जमिनीत काही महिने राहतं, त्यामुळं रब्बीला तिथं काय पेरायचं हाही घोर लागला.

रागाच्या भरात मी आबांना चार लोकांत बोललो, "तुमच्या गप्पांपायी माझं रान जळालं." आबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून बांधावरून जाताना मान वळवायला लागले.

यात चूक कुणाची, यावर मी बराच विचार केला. आबांनी राम राम घातला ही चूक नव्हेच. शेजारचा माणूस न बोलता गेला तर आपल्याकडं लगेच म्हणतात, तोंड फिरवून गेला. राम राम पाहिजेच. चूक झाली ती राम राम आणि गप्पा एकच समजण्यात. राम राम म्हणजे मी तुला बघितलं, तू मला बघितलं, आपलं बरं आहे. त्याला हात वर केला तरी पुरतं. गप्पांना मात्र समोरच्याचा वेळ लागतो, आणि तो मागून घ्यावा लागतो.

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होतं. लहानपणी खळ्यावर रास मोजताना बघितलंय. मोजणारा पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचा, आणि पुढचं माप भरेपर्यंत तोच आकडा तोंडात घोळवत राहायचा. त्या वेळी कुणी आलं तर राशीला हात जोडून कडेला बसायचं. मोजणाऱ्याला कुणी "काय म्हणताय पाटील?" विचारत नव्हतं. कारण मोजणी चाललीय हे सगळ्यांच्या कानावर पडत होतं.

आता तसं राहिलं नाही. आताची मोजणी मनातल्या मनात चालते. पंपाशी वाकलेला माणूस पंपांचा हिशोब धरून असतो. ठिबकच्या टाकीशी बसलेला घड्याळ बघत असतो, खत किती वेळ सोडायचं ते. लांबून दोघंही मोकळे दिसतात, म्हणून आपण जाऊन उभे राहतो. माझं म्हणणं असं की औताच्या मागं चालणाऱ्यापेक्षा अशा उभ्या-बसल्या माणसाला जास्त जपावं.

ओळखायचं कसं? तुम्ही हाक दिल्यावर त्याची नजर वर येती का बघा. हात चालूच राहिला आणि उत्तर एका शब्दाचं आलं, तर तो कामात आहे. "चालू द्या, सांजच्याला येतो" म्हणावं आणि पाय उचलावा. तिथं उभं राहून नुसतं बघत बसू नये. उभा माणूस बोलायचा नाही म्हटलं तरी बोलायला लावतो. फवारणीवाल्याला तर तोंडावरचं काढायला लावूच नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते विसरण्यासारखं नाही.

मळणी यंत्रात पेंढ्या सारणाऱ्याला किंवा कडबाकुट्टीवर बसलेल्याला तर मागून राम रामसुद्धा घालू नये. त्याची मान वळली की हात कुठं जाईल सांगता येत नाही. समोरून यावं, त्याची नजर पडली तर मान हलवावी, नाही पडली तर तसंच पुढं जावं. रागवायचं कारण नाही. हां, तार तुटून पडली असंल, जनावर निघालं असंल, फवारणारा झोकांड्या खात असंल, तर रीतभात गुंडाळून ठेवा आणि वरडा.

शिवारफेरीला येणाऱ्या कृषी खात्याच्या आणि कंपन्यांच्या साहेब लोकांनाही हेच सांगणं. तुम्ही येता ते बरं वाटतं. पण औषध कालवताना "दादा, एक फोटो" नको. पंप पाठीवर गेल्यावर नाहीतर संपल्यावर विचारा, तासभर बोलू.

आणि कामात असलेल्याचंही एक काम आहे. मी त्या दिवशी एवढंच म्हणायला पाहिजे होतं, "आबा, एवढा पंप भरू द्या." आबा नक्की थांबले असते. मी लाजलो, आणि लाजेची भरपाई रागानं केली.

शेवटी संक्रांतीला तिळगूळ घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. आबा म्हणाले, "मला काय माहीत रे, तू मनात मोजतुयास." खरंच, त्यांना कसं कळणार?

आता मी पंपाच्या गिनतीला खडे ठेवतो. औषध ओतलं की लगेच एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. आबा येतात, लांबूनच काठी वर करतात. मी हात वर करतो. सोयरिकीचं काय झालं ते संध्याकाळी पारावर कळतं.