हिमोग्लोबिन कमी, म्हणून लोहाची गोळी? आधी फेरिटिन बघा

काही महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीने मला तिच्या रक्ततपासणीचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती : "बारा वर्षं गोळ्या खातेय, रक्त काही वाढत नाही. आता इंजेक्शन घेऊ का?"

मी संशोधक आहे, वैद्यकीय डॉक्टर नाही, त्यामुळे घे किंवा नको घेऊ असं मी तिला सांगितलं नाही. पण रिपोर्टमधले आकडे बघून एक प्रश्न मात्र विचारला : "तुझं फेरिटिन कधी तपासलंय?" कधीच नाही. कॉलेजात असताना हिमोग्लोबिन कमी निघालं, तेव्हापासून गोळ्या सुरू. आईकडून अळिवाचे लाडू, खजूर, बीट. परदेशात आल्यावरही दर भारतवारीत बॅगेतून गोळ्यांची पाकिटं. बारा वर्षांत चार डॉक्टर बदलले, पण "रक्त कमी" या दोन शब्दांच्या पुढे कुणी गेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हिमोग्लोबिन कमी असणं आणि लोह कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी सिद्ध झाल्याशिवाय लोह महिनोन्महिने घेऊ नये. कारण लोह शरीरात येण्याचा रस्ता आहे, पण जाण्याचा नाही.

पाण्यात विरघळणारी बरीच जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात. लोहाचं तसं नाही. आपल्या शरीरात साधारण तीन ते चार ग्रॅम लोह असतं. जुन्या तांबड्या पेशी मोडून त्यातलं लोह पुन्हा नव्या पेशींसाठी वापरलं जातं. रोज बाहेर जातं ते फक्त एक-दोन मिलिग्रॅम, तेही आतड्याच्या आणि त्वचेच्या झडणाऱ्या पेशींबरोबर. पाळी येणाऱ्या स्त्रियांचं थोडं जास्त जातं. जास्तीचं लोह मुद्दाम बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. त्यामुळे सगळा हिशोब प्रवेशद्वारावरच सांभाळावा लागतो.

हे दार आतड्यात आहे आणि त्याचा पहारेकरी यकृतात तयार होतो. त्याचं नाव हेप्सिडिन. साठा पुरेसा असला की यकृत हेप्सिडिन वाढवतं आणि आतड्यातून लोह आत येणं कमी होतं. साठा घटला की हेप्सिडिन कमी होतं आणि दार उघडतं. एका साध्या फेरस सल्फेटच्या गोळीत ६५ मिलिग्रॅम लोह असतं. निरोगी माणसाच्या शरीरात त्यातलं थोडंच शिरतं, ते या पहाऱ्यामुळे.

हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात हा पहाराच ढिला असतो. सगळ्यात परिचित प्रकार एचएफई या जनुकातल्या सी२८२वाय नावाच्या बदलामुळे होतो. हे जनुक १९९६ मध्ये सापडलं. आई आणि वडील दोघांकडून तो बदल आला, तर लोह भरपूर असूनही हेप्सिडिन पुरेसं तयार होत नाही. समजा अशा माणसाच्या शरीरात रोज गरजेपेक्षा फक्त दोन मिलिग्रॅम लोह जास्त शिरलं. वर्षाला ते सुमारे ७३० मिलिग्रॅम झालं. वीस वर्षांत साडेचौदा ग्रॅम, म्हणजे शरीरातल्या एकूण लोहाच्या जवळजवळ चौपट. ते यकृतात, स्वादुपिंडात, हृदयात, सांध्यांत साठतं. परिणाम म्हणजे सिरोसिस, मधुमेह, हृदयाचे ठोके बिघडणं, आणि तर्जनी व मधल्या बोटाच्या मुळाशी दुखणारे सांधे.

यातली खरी गोम सुरुवातीच्या लक्षणांत आहे. पहिलं लक्षण बहुतेक वेळा थकवा असतं. थकवा आला की आपण काय करतो? लोहाचं टॉनिक घेतो, वर 'सी' जीवनसत्त्वाची गोळी घेतो, म्हणजे लोह नीट शोषलं जाईल. ज्याला लोहामुळेच थकवा आलाय, त्याला आपण आणखी लोह देतो. या आजाराचा उपचार याच्या अगदी उलट आहे : रक्त काढणं. एका वेळी अर्धा लिटरभर रक्त काढलं की २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. वरचा साडेचौदा ग्रॅमचा साठा रिकामा करायला जवळजवळ साठ वेळा रक्त काढावं लागेल.

सी२८२वाय हा प्रामुख्याने उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. भारतीयांमध्ये तो फारच दुर्मीळ आहे. मग आपल्याला त्याचं काय? एक तर आपल्यातल्या अनेकांचे जोडीदार, सुना, जावई त्या वंशाचे आहेत, आणि घरातली लोहाची बाटली सगळ्यांची असते. दुसरं म्हणजे, पहारा ढिला पडण्याचं एक कारण आपल्याकडे चांगलंच आढळतं. ते म्हणजे थॅलेसेमिया.

आता मैत्रिणीच्या रिपोर्टकडे परत येऊ. हिमोग्लोबिन १०.६. तांबड्या पेशींची संख्या ५६ लाख. पेशींचं सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, ६२. लोहाच्या कमतरतेतही पेशी लहान होतात, म्हणून "एमसीव्ही कमी, म्हणजे लोह कमी" असा शॉर्टकट घेतला जातो. पण संख्या बघा. कच्चा मालच नसेल तर कारखाना पेशी लहानही बनवतो आणि कमीही. तेवढंच हिमोग्लोबिन असलेल्या, लोह कमी असलेल्या स्त्रीचा रिपोर्ट साधारण असा दिसेल : पेशी ४३ लाख, एमसीव्ही ७६. माझ्या मैत्रिणीच्या पेशी खूप लहान होत्या, पण संख्येने भरपूर. म्हणजे कच्चा माल होता, साचा वेगळा होता.

यासाठी मेंट्झर निर्देशांक नावाचा एक सोपा भागाकार आहे : एमसीव्हीला दशलक्षांत मोजलेल्या पेशीसंख्येने भागायचं. उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमिया मायनरची शंका घ्यायची, जास्त आलं तर लोहाच्या कमतरतेची. तिचं उत्तर ६२ भागिले ५.६, म्हणजे ११. दुसऱ्या उदाहरणात ७६ भागिले ४.३, म्हणजे जवळजवळ १८. हा भागाकार निदान नाही, चुकतोही. पण पुढची चाचणी कुठली करायची ते सांगतो. तिच्या डॉक्टरांनी मग दोन चाचण्या केल्या. एचबीए२ हे हिमोग्लोबिन ५.२ टक्के निघालं, ३.५ च्या वर म्हणजे बीटा थॅलेसेमिया मायनर. आणि फेरिटिन निघालं २१०. लोहाची कमतरता असती तर ते तीसच्याही खाली असतं.

थॅलेसेमिया मायनर हा आजार म्हणायचाच तर अगदी सौम्य. हिमोग्लोबिनच्या साखळीची कृती लिहिलेल्या दोन जनुकांपैकी एकात दोष असतो, म्हणून प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन कमी भरतं. लोह कितीही ओतलं तरी ती कृती दुरुस्त होत नाही. उलट, अस्थिमज्जा जास्त जोमाने पेशी बनवू पाहते, आणि त्या घाईत एरिथ्रोफेरॉन नावाचा संदेश पाठवते : "लोह हवंय, पहारा कमी करा." थॅलेसेमिया मेजरमध्ये हा संदेश इतका जोरात असतो की रक्त न चढवताही लोह साठतं. मायनरमध्ये तो क्षीण असतो. त्यामुळे महिनाभर गोळ्या घेतल्याने कुणाचं यकृत बिघडत नाही. धोका आहे तो वर्षानुवर्षं घेण्यात, आणि त्याहून जास्त शिरेतून लोह देण्यात. सलाइनमधून एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत लोह दिलं जातं. ते आतड्याच्या दारातून येतच नाही, त्यामुळे पहारेकरी काही करू शकत नाही. रोजच्या एक-दोन मिलिग्रॅमच्या वेगाने ते बाहेर जायला दीड ते तीन वर्षं लागतील. मैत्रीण नेमकं हेच इंजेक्शन घ्यायला निघाली होती.

तरीही माझ्या मते अंदाजाने लोह देण्याचं सर्वांत मोठं नुकसान लोहाचं नाहीच. नुकसान आहे चुकीच्या नावाचं. "तुझ्यात लोह कमी आहे" हे उत्तर मिळालं की खरा प्रश्न विचारायचा राहून जातो. ही बाई थॅलेसेमियाची वाहक आहे आणि तिला मूल हवंय. नवराही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की बाळाला थॅलेसेमिया मेजर होईल. त्या बाळाला आयुष्यभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला रोज औषध. हे आधी कळलं तर जोडप्यापुढे पर्याय असतात. बारा वर्षांच्या गोळ्यांनी ते कळणं लांबवलं. सुदैवाने नवऱ्याची तपासणी व्यवस्थित निघाली. मग तिने पुण्यातल्या भावाला तपासायला लावलं. तो वाहक निघाला, आणि त्याचं लग्न ठरत होतं.

आता दुसरी बाजू, कारण हा लेख वाचून कुणी गोळ्या फेकून देऊ नयेत. भारतीय स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता खरोखरच खूप आहे, आणि गरोदरपणात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. थॅलेसेमिया मायनर असलेल्या बाईचंही लोह कमी असू शकतं. फेरिटिन कमी निघालं तर तिलाही लोह लागतं. शिवाय अशा वेळी एचबीए२ थोडं खाली येऊन निदान झाकलं जाऊ शकतं, म्हणून लोह भरून आल्यावर चाचणी पुन्हा करावी लागते. गरोदरपणात मात्र तेवढं थांबायला वेळ नसतो, तिथे नवऱ्याचं रक्त लगेच तपासणं हाच शहाणपणा. अल्फा थॅलेसेमियाच्या वाहकांत एचबीए२ वाढत नाही, तिथे जनुकीय चाचणीच लागते.

फेरिटिनचाही एक खोडसाळपणा आहे. ताप, जंतुसंसर्ग, फॅटी लिव्हर यांतही ते वाढतं. म्हणून ते वाढलेलं दिसलं की लगेच हिमोक्रोमॅटोसिस म्हणायचं नाही. उपाशीपोटी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघायचं. ते ४५ टक्क्यांच्या वर असेल तर पुढचा तपास करायचा.

म्हणून डॉक्टरांकडे माझा आग्रह दोनच गोष्टींचा आहे. पहिली, लोह सुरू करण्याआधी फेरिटिन तपासा. दुसरी, खरी कमतरता असेल आणि गोळ्या नीट घेतल्या असतील तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण दोनने वाढायला हवं. वाढलं नाही तर डोस वाढवण्याआधी निदानाबद्दल पुन्हा विचार करा. रक्तस्राव, शोषणातला दोष, थॅलेसेमिया, काहीही असू शकतं.

आणि तुम्ही तुमचा जुना रिपोर्ट काढून बघा. एमसीव्ही ८० च्या खाली आणि पेशी ५० लाखांच्या वर असतील, तर तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. मैत्रिणीचा बारा वर्षांपूर्वीचा रिपोर्ट तिच्या आईने नंतर शोधून पाठवला. त्यात एमसीव्ही ६३ होतं.